ट्रॅक्टरचा हिशेब

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.

ट्रॅक्टर घेऊ, हप्त्याला मी हातभार लावतो, असं तू फोनवर म्हणालास. तेव्हापासून वही घेऊन बसलो, तो हिशेब कळवतो.

आपलं वावर सहा एकर. उन्हाळ्यात नांगरणी, मग रोटाव्हेटर, तीन एकरांत सोयाबीनची पेरणी आणि ते निघालं की तिथंच चणा. पऱ्हाटीची टोबणी बाया हातानं करतात, डवरणी बैलांची. तिथं ट्रॅक्टर लागत नाही. शेणखत अन् मालाची ने-आण धरून वर्षाचे ४० तास होतात. भाड्याच्या ट्रॅक्टरला तासाला हजार धरले तर ४० हजार.

आता घरचा. नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉलीसकट नऊ लाख धर. सुरुवातीच्या वर्षांत व्याज ७० हजार, किंमत उतरते ती ५०, विमा अन् देखभाल २०. चाक हललं नाही तरी १ लाख ४० हजार गेले. चालवला की डिझेल अन् ड्रायव्हरचे तासाला साडेचारशे वेगळे, म्हणजे भाड्याच्या मानानं तासामागे साडेपाचशेच वाचतात. बरोबरीला यायला अडीचशे तास लागतात. आपले ४० गेले तर उरलेले दोनशेवर तास लोकांच्या वावरात काढावे लागतील. गावात ट्रॅक्टर काय कमी आहेत? त्यात भाडं मिळतं ते कापूस विकल्यावर, हप्ता मात्र तारखेला.

भाड्याचं खरं दुखणं पैशाचं नाही, वेळेचं आहे. काळ्या जमिनीत वापसा आला की साऱ्यांनाच एकदम ट्रॅक्टर पाहिजे. पाऊस पडल्यावर लगेच घातला तर चाकाला चिखल, उशीर झाला तर ढेकळं. जूनमध्ये बैलांच्या तिफणीवर निभावून नेता येतं. चण्याला तसं नाही. सोयाबीन निघाल्यावर वरची ओल भराभर उडते अन् उगवण विरळ होते. तरी हिशेब कर: एकरी एक क्विंटल कमी आला तर तीन एकरांत पंधरा-सोळा हजारांचा फटका. दोन्ही खर्चांतला फरक लाखावर आहे, तो त्यानं भरून निघत नाही.

म्हणून नांगरणी मार्चमध्येच उरकायची, तेव्हा ट्रॅक्टरवाला रिकामा असतो. तासावर दिलं तर तो रेंगाळतो, एकरावर दिलं तर फाळ वरवर धरून पळवतो. मी तासावरच देतो, पण दुसऱ्या तासात (म्हणजे माझी नजर हटल्यावर) काडी खुपसून खोली पाहतो. वीतभर भरली नाही तर तिथंच थांबवतो. तास मोजायचा तो फाळ मातीत गेल्यापासून, त्याच्या घरून निघाल्यापासून नाही.

चण्यासाठी त्याला दसऱ्याआधी इसार देऊन आपला नंबर पहिला लावायचा आहे. हप्त्यापायी पैसे पाठवणार होतास, त्यातले पाच हजार तेवढे तेव्हा पाठव.

तुझे बाबा