बेडरूमचे दार ओढून घेतले, म्हणून घर वाचले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी दुपारी कोथरूडमधल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला आग लागली. नुकसान एका खोलीपुरतेच झाले. ते ज्यांच्यामुळे तेवढ्यावर भागले त्यांचे आभार मानायला हे पत्र लिहितो आहे.

चूक आमचीच, हे आधी सांगतो. बेडरूममधल्या एसीचे सॉकेट सैल झाले होते. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत चालेल म्हणून मी एसी साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावला आणि तो बोर्ड पलंगामागे ढकलून दिला. दीड टनाचा एसी तासन्‌तास सात-आठ अँपिअर ओढतो आणि असा बोर्ड जेमतेम सहा अँपिअरचा असतो. आठवडाभर काही झाले नाही. आधी एकदा प्लास्टिक तापल्यासारखा वास आला होता, तो मी शेजारच्या रंगकामावर ढकलला. मंगळवारी बोर्ड वितळला आणि गादीने पेट घेतला. घरात आई एकटी होती, तीही स्वयंपाकघरात.

धूर पहिल्यांदा समोरच्या काकूंना दिसला. त्यांनी आईला हाताला धरून बाहेर काढले. आई पर्ससाठी परत वळली, तर तिच्यावर चक्क खेकसल्या. (इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांचा आवाज चढलेला आईने पहिल्यांदाच ऐकला.) तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा मीटर रूमकडे धावला आणि त्याने आमच्या फ्लॅटचा मेन स्विच पाडला. १०१ वर फोन वरच्या मजल्यावरच्या ताईंनी केला. पत्ता सांगताना त्यांनी गल्लीच्या तोंडाशी असलेली खूणही सांगितली आणि वॉचमनला तिथे उभे केले. वॉचमनने गेटसमोरच्या दुचाकी एकेक करून हलवल्या.

तिसऱ्या मजल्यावरचे काका एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहेत. जिन्यातला सहा किलोचा पावडरचा सिलिंडर त्यांनी उचलला, पिन काढली आणि दारात वाकून ज्वाळांच्या बुडाशी मारा केला. असा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. ज्वाळा बसल्या, पण पावडरीने गादी गार होत नाही. आतला फोम धुमसत राहिला आणि मिनिटभरात पुन्हा पेटला. काका दुसऱ्या सिलिंडरच्या मागे लागले नाहीत. त्यांनी बेडरूमचे दार ओढून घेतले, खालच्या फटीत ओली चादर कोंबली आणि सगळ्यांना खाली उतरवले.

आमच्या मजल्यावर होजरील आहे, पण तिचा पंप ‘मॅन्युअल’वर ठेवलेला होता. नळी उलगडली तेव्हा थेंबभर पाणी आले. सोसायटीच्या कमिटीवर मीही आहे, त्यामुळे बोट दाखवायला जागा नाही. पंप आता ‘ऑटो’वर आहे.

गाडी अकरा मिनिटांत आली. जवानांनी सगळ्यात आधी विचारले ते ‘आत कोणी आहे का?’ आणि मग ‘गॅस बंद केलाय का?’ पाठीवर हवेचे सिलिंडर आणि तोंडावर मास्क चढवून दोघे वर गेले. त्यांनी हातमोजा काढून पालथ्या हाताने दार चाचपले, खाली बसून ते थोडेसे किलकिले केले आणि आत पाण्याचे छोटे छोटे फवारे सोडले. ज्वाळा विझल्यावरच खिडकी उघडली. मला वाटले, झाले काम. पण पुढचा अर्धा तास ते तिथेच होते. गादी फाडून आतला फोम भिजवला, ती खाली अंगणात नेऊन पुन्हा भिजवली, कपाट सरकवून मागची भिंत हाताने तपासली. वरून विझलेली गादी आत धुमसते आणि रात्री परत पेटते, असे त्यांच्या तुकडीच्या म्होरक्याने, म्हणजे तांडेलांनी, सांगितले.

तांडेलांनी मला बेडरूमचे दार दाखवले. आतल्या बाजूने ते कोळशासारखे काळे, बाहेरून मात्र पॉलिशसुद्धा शाबूत. “हे उघडं राहिलं असतं तर हॉल गेला असता, आणि धूर जिन्यात,” ते म्हणाले. दाराच्या पलीकडे पाच पावलांवर आईचे देवघर आहे. तिथल्या समईवर फक्त काजळीचा पातळ थर बसला होता.

जाण्यापूर्वी एका जवानाने माझ्या हातात तो वितळलेला बोर्ड ठेवला. बोलला काहीच नाही.

अग्निशमन दलाच्या त्या सर्व जवानांचे आणि आमच्या इमारतीतल्या शेजाऱ्यांचे आम्ही मनापासून आभार मानतो. आईने काकूंच्या घरी सगळ्यांसाठी चहा टाकला होता, पण तो उकळेपर्यंत वायरलेसवर दुसरी वर्दी आली आणि गाडी निघून गेली. आई अजून त्यावरून हळहळते.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे