उद्या सावडायला येताना एवढं वाचून या

मंडळी, आपल्या तालमीतल्या भावाचं सावडणं उद्या सकाळी ८ वाजता, सांगलीत कृष्णा घाटावर. पावणेआठला तालमीसमोर जमायचं.

काल दोघातिघांनी विचारलं, "परत प्यायला लागला होता काय?" नाही. आठ महिने एक थेंब घेतला नव्हता, वहिनीच गोळ्या द्यायच्या. पण सिरॉसिसमध्ये लिव्हरवर एवढे वण पडलेले असतात की दारू सोडली तरी ते पूर्ण भरून येत नाही, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून एकदम रक्ताची उलटी होऊ शकते, त्याचंही तसंच झालं. म्हणून हा विषय तिथं कुणी काढायचा नाही.

वहिनींना "सुटलीस बाई" म्हणू नका, तिनं नवरा गमावलाय. "लई मायाळू होता" एवढं बोललात तरी चालेल, काहीच नाही सुचलं तर नुसतं शेजारी बसा. पोराला, सहावीत आहे तो, "बापासारखं करू नकोस" असलं अजिबात नको.

ग्रुपवर दवाखान्यातला फोटो टाकलाय तो आत्ताच डिलीट करा, प्लीज.

दहाव्यापर्यंत रात्रीचा डबा आपल्याकडून जाणार. कोण कुठल्या दिवशी देणार ते इथंच कळवा, उद्याचा माझ्याकडं.