मोजणीत एक कमी

चि. सोन्या यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

येत्या रविवारपासून शेळ्या घेऊन तू एकटा जाणार असल्याचे तुझ्या बाबांनी काल फोनवर सांगितले. ते ऐकल्यापासून माझे मन येथील कामात लागत नाही, कारण मी अकरा वर्षांचा असताना प्रथम एकटा गेलो तो दिवस जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहिला आहे. तो तुला सविस्तर सांगावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

त्या दिवशी लहानमोठ्या मिळून 14 शेळ्या होत्या. गवतावरचे दव पुरते सुकेपर्यंत तुझ्या आजोबांनी मला गोठ्याबाहेर पडू दिले नाही. ओल्या गवताच्या पात्यांवर जंतांची बारीक पिल्ले चढून बसतात आणि चाऱ्याबरोबर शेळीच्या पोटात जातात, हे त्यांनी मला समजावून सांगितले होते. मी फाटक अर्धे उघडून एकेक शेळी बाहेर सोडत मोजली. सर्वांत पुढे तांबडी होती. कळपात जी शेळी पुढे चालते तिच्यामागे बाकीच्या आपसूक जातात, म्हणून राखणाऱ्याने सगळ्यांना हाकत बसण्यापेक्षा त्या एकीवर लक्ष ठेवावे.

सर्वांत शेवटी चांदी निघाली, आणि तीही मी मागून ढकलली तेव्हा. ती गाभण होती. शेळीला विण्यास सुमारे 150 दिवस, म्हणजे पाच महिने लागतात, आणि आजोबांच्या हिशेबाने तिचे अजून सहा दिवस बाकी होते. परंतु चार-पाच दिवस इकडेतिकडे होतातच. तिची कास ताठ व चकचकीत झाली होती, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खोलगट खळगे पडले होते, आणि सकाळी टाकलेल्या पाल्याला तिने तोंडही लावले नव्हते. हे सर्व मी पाहिले, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. ती आळस करते आहे, असे मला वाटले. नेहमी पुढे धावणारी शेळी ज्या दिवशी मागे रेंगाळते, त्या दिवशी तिला हाकण्यापूर्वी पायांपासून शेपटीपर्यंत नीट पाहावे, एवढे मला तेव्हा ठाऊक असते तर तिला मी घरीच ठेवले असते.

माळावर पोहोचल्यावर पहिला प्रहर सुखाचा गेला. शेळी गाईसारखी एका जागी मान खाली घालून चरत नाही. ती झुडपाचे कोवळे शेंडे खुडते, दोन घास घेते आणि पुढच्या झुडपाकडे जाते. त्यामुळे कळप सारखा पांगत राहतो, आणि चालत्या कळपात मोजणी हमखास चुकते. मी दोनदा मोजले. एकदा 14 भरल्या, एकदा 15. दोन्ही वेळा मी समाधान मानले, हे मात्र माझे चुकलेच. दुपारी सगळ्या झाडाखाली बसून रवंथ करू लागल्या तेव्हा खरी मोजणी झाली, आणि ती 13 वर थांबली. चांदी नव्हती.

माझ्या पोटात गोळा आला. मी आकडी तेथेच टाकून ओढ्याच्या दिशेने धावत सुटलो, हाका मारल्या, आणि थोड्या वेळाने मागे वळून पाहतो तो बसलेला कळप उठून उभ्या पिकाच्या दिशेने निघालेला. तेव्हा कोठे मला कळले की एकीला शोधताना मी तेरा जणी वाऱ्यावर सोडल्या आहेत. परत आलो, तांबडीला वळवले आणि सबंध कळप बरोबर घेऊनच शोधावयास निघालो. हे काम फार सावकाश चालले, आणि रडू आवरत नव्हते, तरी तोच मार्ग योग्य होता.

विण्याची वेळ आलेली शेळी कळपापासून बाजूला होऊन आडोसा धरते. चांदी ओढ्याच्या काठी एका करवंदीच्या जाळीआड सापडली. तिने पुढच्या पायाने माती उकरून जागा केली होती, आणि त्या जागेवर ओले, पिवळसर चिकट वेष्टन अंगावर असलेले एक करडू पडले होते. चांदी त्याला चाटत होती, पण त्याच्या नाकावर बुळबुळीत पडदा तसाच होता आणि छाती हलत नव्हती. मी बोटांनी त्याचे नाक व तोंड स्वच्छ केले आणि गवताची एक काडी हळूच नाकपुडीत फिरवली. ही युक्ती मी आजोबांना करताना पाहिली होती. दोनदा काही घडले नाही. तिसऱ्यांदा ते शिंकले, मान हलली आणि बारीक आवाज निघाला. त्यानंतर मी हात मागे घेतला. करडाला आईनेच चाटून कोरडे करावे, कारण त्या चाटण्यातच ती त्याचा वास ओळखून घेते.

करडू उचलून लगेच घरी निघावे, असे माझ्या मनात आले होते. तेवढ्यात चांदी पुन्हा माती उकरू लागली, आडवी झाली, मान ताणून कण्हली. आधी दोन इवले खूर दिसले आणि त्यांवर टेकलेले नाक. करडू असे येत असेल तर ते सरळ आहे, ओढू नये. अर्धा तास होण्यापूर्वीच दुसरे करडू मातीवर आले. मी घाई केली असती तर ते वाटेतच पडले असते.

दोन्ही करडे धडपडत उभी राहिली, पण थोरले करडू सड चोखूनही रिकामेच राहात होते. सडाच्या तोंडाशी घट्ट बूच असते; मी प्रत्येक सडाची एक एक धार मातीत काढली, तेव्हा चीक सुरू झाला. पहिला चीक तासाभरात पोटात जावा, म्हणून दोघांची पोटे भरेपर्यंत मी थांबलो. मागे वार लोंबत होती. तिला मी हात लावला नाही. ओढली तर आतून रक्तस्राव होतो. ती आपली आपण पडते, आणि बारा तासांत न पडल्यास पशुवैद्यकांना बोलवावे.

परतताना मी करडे छातीशी धरली, आणि दहा पावलांतच चांदी ओरडत उलट पळाली. नाकाला वास लागेना म्हणून ती विण्याच्या जागी शोधावयास गेली होती. मग मी वाकून दोन्ही करडे तिच्या नाकाच्या उंचीवर धरून चाललो. वीस मिनिटांच्या वाटेला दिवेलागण झाली, पाठ मोडून गेली, परंतु ती पाऊलभरही मागे राहिली नाही.

फाटकाशी आजोबा उभे होते. त्यांनी अर्धे फाटक उघडून आत जाणारी प्रत्येक शेळी स्वतः मोजली, करडे माझ्या हातून घेतली आणि “सोळा” एवढेच म्हणाले. चांदीची वार रात्री जेवणानंतर पडली.

भोरी गाभण असल्याचे तुझे बाबा म्हणाले. ती कोणत्या तारखेस भरली हे त्यांना विचारून मला कळव, आणि रविवारी निघण्यापूर्वी तिच्या शेपटीच्या बुडाशी हात लावून पाहा. खळगा लागला तर तिला घरीच बांधून जा.

तुझा,
काका