सहा रात्री जागवल्या कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका बुटिकच्या छोटेखानी फॅशन शोची बातमी काल आपल्या अंकात वाचली. संस्थापक बाईंच्या भाषणातले एक वाक्य आपण मथळ्यालाच घेतले आहे : ‘या जाकिटासाठी आमच्या कारागिराने सहा रात्री डोळ्याला डोळा लावला नाही.’ बातमी दोनदा वाचली. रात्री उठून पुन्हा एकदा वाचली आणि सकाळी हे पत्र लिहायला बसले.

बाईंनी मंचावर उभे राहून प्रत्येक कपड्यामागच्या माणसाचे नाव घेतले, हे मनापासून आवडले. बावीस वर्षे अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या चौकटीवर बसून, आरी या आकडीच्या सुईने भरतकाम करते आहे. माझे नाव कोणी माइकवर घेतल्याचे मला आठवत नाही. तेव्हा त्या आभारांची किंमत मला कळते. तक्रार फक्त त्या सहा रात्रींबद्दल आहे. टाळ्या त्या रात्रींना मिळाल्या. पण त्या आल्या कुठून हे भाषणात नव्हते आणि आपल्या वार्ताहरानेही विचारले नाही.

माझ्या बाबतीत त्या कशा आल्या ते सांगते. एका शोसाठी जाकिटाच्या पाठीचे काम आले होते. मण्यांचे आणि टिकल्यांचे भरगच्च काम, चाळीस सेंटिमीटर लांब आणि तीस रुंद. असे काम हाती घेण्याआधी आम्ही दहा बाय दहा सेंटिमीटरचा एक तुकडा भरून बघतो आणि घड्याळ लावतो. त्या तुकड्याला चार तास लागले. पाठीत असे बारा चौकोन बसतात, म्हणजे अठ्ठेचाळीस तास. अड्ड्याला समोरासमोर दोघी बसलो तर प्रत्येकीचे चोवीस तास, म्हणजे रोज आठ तास धरून तीन दिवस. त्याआधी नक्षीचा खाका कागदावर टोचून कापडावर उतरवायला आणि कापड ताणायला अर्धा दिवस, आणि शेवटी कटिंग, शिलाई, अस्तर यांना एक दिवस. साडेचार दिवसांचे काम. नमुना आम्ही तीन आठवडे आधी पाठवला होता. पसंती आली शोच्या पाच दिवस आधी.

तरीही ते निभले असते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निरोप आला की हिरवे मणी नकोत, तांब्याच्या रंगाचे घाला. पॅनेल जवळपास निम्मे भरून झाले होते. उसवून पुन्हा भरा, असे म्हणणे सोपे असते. पण कापड सॅटिन होते. आरी सॅटिनमधून गेली की तिथे भोक राहते आणि उसवल्यावर ते उजेडात स्पष्ट दिसते. नवे कापड कापून, नवा खाका उतरवूनच सुरुवात करावी लागली. हातात तीन दिवस उरले होते आणि शेवटचा शिलाईचा. राहिलेल्या दोन दिवसांत प्रत्येकीला सोळा तास मिळत होते आणि काम, नव्या खाक्याचा अर्धा दिवस धरून, प्रत्येकी अठ्ठावीस तासांचे होते. उरलेले बारा तास रात्रीतूनच काढायचे होते. आम्ही ते दोन रात्रींत काढले.

आणखी दोघी बसवा, असे सांगितले गेले. चाळीस सेंटिमीटरच्या पॅनेलवर तिसऱ्या हाताला जागा नसते, कोपरे एकमेकांवर आपटतात. शिवाय प्रत्येकीचा धागा ओढायचा जोर वेगळा असतो. एकीचे टाके घट्ट बसतात, दुसरीचे किंचित सैल, आणि टिकलीवर उजेड पडला की कुठे हात बदलला ते दिसते. म्हणून आम्ही दोघीच बसलो.

आता पहाटे चार वाजता काय होते ते ऐका. आरीच्या कामात धागा कापडाखाली धरतात, वरून आरी खाली घालून त्याची कडी वर खेचतात आणि कडीत कडी गुंतवत ओळ पुढे जाते. हा साखळी टाका झपाट्याने होतो, पण त्याचा एक दोष आहे. ओळीच्या शेवटची कडी उलट्या बारीक टाक्याने बांधली नाही, तर टोकाचा धागा ओढल्याबरोबर सगळी ओळ सरसर सुटते. पॅनेलमध्ये अशा शेकडो ओळी होत्या. त्यांपैकी किती आम्ही बांधल्या आणि किती डोळे मिटता मिटता राहून गेल्या, हे त्या वेळी सांगता आले नसते. दिवसाउजेडी काम उलटे करून प्रत्येक टोकाला नखाने हलके ओढून बघायची आमची पद्धत आहे. त्या दिवशी त्याला वेळच नव्हता, शिलाईवाला दारात उभा होता.

रॅम्पवर चालताना ते जाकीट घातलेल्या मुलीच्या ब्रेसलेटमध्ये एक धागा अडकला आणि पाठीवरून मणी ओघळू लागले. पहिल्या रांगेतल्या बाई वाकून मणी गोळा करत होत्या. दुसऱ्या दिवशी आम्हाला ऐकवले, ‘हातकाम कच्चे आहे.’ पसंती कधी दिली आणि रंग कधी बदलला, हे कोणीच काढले नाही. पहिल्या अर्ध्या पॅनेलची मजुरीही मिळाली नाही, कारण मजुरी नगावर होती आणि तो नग पुरा झाला नव्हता. तो तुकडा मी अजून ठेवला आहे. हिरवे मणी, खाली निम्मी पाठ कोरी, आणि कडेला माझ्या मैत्रिणीने पेन्सिलने लिहिलेली वेळ.

काल वाचलेल्या बाईंनी असेच केले असेल, असे मी म्हणत नाही, मला त्या माहीत नाहीत. पण कारागिराचे नाव घ्यायची त्यांची तयारी असेल, तर त्याच भाषणात पसंती कोणत्या तारखेला दिली, नंतर काय बदलले, आणि रद्द झालेल्या कामाचे पैसे दिले का, हेही सांगावे. पुढचे नमुने शोच्या किती दिवस आधी पसंत करणार, ते सांगितले तर आमच्यापैकी कोणीही समोर बसून आनंदाने टाळ्या वाजवील.

आणखी एक. बातमीसोबतच्या मोठ्या छायाचित्राखाली आपण ‘संपूर्ण हातकाम’ असे छापले आहे. त्यात कालच्या बातमीतल्या मॉडेलने जाकिटाची कॉलर उलटी दुमडलेली आहे आणि भरतकामाची मागची बाजू दिसते. तिथे सगळीकडे एकसारखा पांढरा धागा आहे, वर मात्र निळा आणि सोनेरी. हाताने काम केले की वरचाच धागा मागे येतो, मध्येच गाठी दिसतात, एका फुलाकडून दुसऱ्याकडे गेलेला आडवा धागा दिसतो. मागे असा सलग पांढरा धागा असला की तो मशीनच्या बॉबिनचा असतो. मशीनवर काम करणाऱ्याचेही कौशल्य असते, त्याचेही नाव यावे. पण ते हातकाम म्हणून छापू नये. पुढच्या अंकात दुरुस्ती द्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक भरतकाम कारागीर