हिंदीतली ‘तकरार’ म्हणजे भांडण: परप्रांतातल्या मराठी ग्राहकासाठी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलीच्या नोकरीमुळे आम्ही दोघे दोन वर्षांपासून भोपाळला राहतो. भाजीवाला, रिक्षावाला, शेजारीपाजारी, सगळ्यांशी हिंदीत बोलणे होते आणि आजवर कुठे अडले नाही. अडले ते कागदावर लिहायची वेळ आली तेव्हा. आपले वृत्तपत्र बाहेरगावी राहणारी मराठी माणसे मोबाइलवर रोज वाचतात, म्हणून घडले ते सविस्तर कळवतो.

मार्चच्या 12 तारखेला इथल्या एका दुकानातून वरून कपडे टाकायचे ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन घेतले. एप्रिल लागताच त्याने त्रास द्यायला सुरुवात केली. धुणे नीट व्हायचे, पण पिळायच्या वेळी घरघर मोठा आवाज, जळक्या रबराचा वास आणि टबातले पाणी तसेच. दोनदा फोन केला, कोणी आले नाही. मग मी 12 एप्रिलला दुकानाला पत्र लिहून हातोहात नेऊन दिले. त्यातला मुख्य मजकूर जसाच्या तसा देतो:

‘मैं तुम्हारे दुकान से वॉशिंग मशीन खरीदा। कपड़े पिलते वक्त मशीन बड़ा आवाज करता है और जला हुआ वास आता है। पानी खाली जाता नहीं। मैंने दो बार तकरार किया, मगर तुम्हारा आदमी आया नहीं। मुझे बहुत त्रास हुआ। कृपया मेरे तकरार का दखल लो और मशीन बदलकर दो, नहीं तो पैसे परत दो।’

कोणत्याही मराठी माणसाला यातले अक्षर अन् अक्षर कळेल. दुकानाच्या व्यवस्थापकाला मात्र वेगळेच कळले. त्यांनी पत्र वाचून मला पहिला प्रश्न विचारला, तो असा: ‘आपकी तकरार किससे हुई? हमारे किस आदमी से?’ मी दोनदा भांडण केले आणि आता ते मिटवायला त्यांनी मध्ये पडावे, असा त्यांचा समज झाला होता. हिंदीत तकरार म्हणजे वादावादी. आपल्या तक्रारीला तिथे ‘शिकायत’ म्हणतात. आणि आपण ‘दखल घ्या’ म्हणतो ते लक्ष द्या या अर्थाने, तर हिंदीत दखल देणे म्हणजे दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणे. एका वाक्यात हे दोन्ही शब्द आल्यामुळे वाक्याचा अर्थ पार फिरला.

त्यांनी मेकॅनिक पाठवला खरा, पण कामाच्या कागदावर माझ्या पत्रातून दोनच शब्द उतरवून घेतले: ‘पानी खाली’. हिंदीत खाली म्हणजे रिकामे. मेकॅनिकला वाटले, घरच्या टाकीत पाणी नाही किंवा मशीनमध्ये पाणी पोचत नाही. त्याने नळ उघडून पाहिला, पाणी आत घेणारी नळी काढून तिच्या तोंडाशी असलेली जाळी धुतली, ‘पानी का दबाव ठीक’ असे लिहिले आणि निघून गेला. पिळण्याचा टप्पा त्याने लावूनसुद्धा पाहिला नाही. मी समोर उभा होतो, पण तो इतक्या सफाईने काम करत होता की त्याला सगळे समजले आहे असेच मला वाटले. पाणी ‘खाली’ जात नाही म्हणजे ‘बाहर नहीं निकलता’, एवढे लिहिले असते तर त्याची ती फेरी फुकट गेली नसती.

आमच्या खालच्या मजल्यावर हिंदीच्या एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्यासमोर पत्र ठेवले. त्यांनी शब्द तर बदललेच, पण आधी बोट ठेवले ते ‘तुम’वर. आपला ‘तुम्ही’ आदराचा, म्हणून हात आपोआप ‘तुम’ लिहितो. हिंदीत ‘तुम’ बरोबरीच्याला किंवा लहानाला. अनोळखी व्यवस्थापकाला ‘तुम्हारा आदमी’ आणि ‘दखल लो’ लिहिणे म्हणजे जवळजवळ दरडावणेच. तिथे ‘आप’, आणि क्रियापद ‘करें’ किंवा ‘कीजिए’. मी आदराने लिहिले होते, आणि वाचणाऱ्याला ते उर्मटपणाचे वाटले, याचे मला सगळ्यात जास्त वाईट वाटले.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती ‘ने’ची, आणि ती मला शाळेत कोणी अशी फोड करून सांगितली नव्हती. मराठीत ‘त्याने मशीन घेतले’ म्हणताना आपण ‘ने’ लावतो, पण ‘मी घेतले’, ‘तुम्ही सांगितले’ यांत तो दिसत नाही. म्हणून आपण ‘उसने खरीदी’ बिनचूक लिहितो आणि ‘मैं खरीदा’ म्हणून चुकतो. हवे ‘मैंने खरीदी’. उलट ‘लाना’ या क्रियापदाला हिंदीत ‘ने’ चालत नाही. ‘मी पावती आणली’ यावरून आपण ‘मैंने रसीद लाई’ म्हणतो, तिथे पुरुषाने ‘मैं रसीद लाया था’ आणि बाईने ‘मैं रसीद लाई थी’ लिहायचे. पावती स्त्रीलिंगी असली तरी क्रियापद आणणाऱ्या माणसाप्रमाणे चालते.

लिंगाचे तर विचारूच नका. मराठीतले नपुंसकलिंग हिंदीत नाही, त्यामुळे आपली ‘ते’ची नामे तिथे दोन्हींकडे वाटली जातात. दुकान आणि मशीन स्त्रीलिंगात जातात, तर बिल, पत्र, नुकसान, पाणी ही पुल्लिंगात. आपला ‘तो आवाज’ तिथे ‘तेज़ आवाज़ आती है’ असा स्त्रीलिंगी होतो आणि आपली ‘ती तार’ पुल्लिंगी. याला नियम शोधण्यात अर्थ नाही. तक्रारीच्या पत्रात अशी नामे जेमतेम दहा-बारा येतात, तेवढी पाठ करावीत. शिवाय, बाईंच्या मते लिंगाची चूक दुकानदार समजून घेतो, शब्दाची चूक मात्र त्याला भलतीकडे नेते. मलाही ते पटले.

असे भलतीकडे नेणारे आणखी तीन शब्द माझ्या पत्रात होते. ‘परत’ म्हणजे हिंदीत थर, पापुद्रा. पैसे ‘वापस’ मागायचे किंवा ‘लौटा दें’ म्हणायचे. ‘वास’ म्हणजे राहणे, मुक्काम. जळक्या वासाला ‘जलने की गंध’. ‘त्रास’ हिंदीत भय आणि यातना सांगणारा भारी, ग्रांथिक शब्द आहे, मशीनमुळे होते ती ‘परेशानी’. आणि पिळण्याला ‘निचोड़ना’.

मग आम्ही दोघांनी बसून दुसरे पत्र लिहिले. ते 18 एप्रिलला दिले:

‘महोदय, मैंने 12 मार्च को आपकी दुकान से एक वॉशिंग मशीन खरीदी थी। बिल और वारंटी कार्ड की प्रतियाँ संलग्न हैं। 2 अप्रैल से कपड़े निचोड़ते समय मशीन से तेज़ आवाज़ आती है, जले रबर जैसी गंध आती है और टब का पानी बाहर नहीं निकलता। तीनों बातें एक साथ होती हैं। मैंने 5 और 9 अप्रैल को फ़ोन पर शिकायत की थी। 15 अप्रैल को मैकेनिक आया, पर उसने केवल नल और पानी की नली की जाँच की। कृपया सात दिन के भीतर मशीन की मरम्मत करवाएँ। यदि मरम्मत संभव न हो, तो मशीन बदल दें या पूरी रकम लौटा दें। भवदीय’

यात माझा राग कुठेच नाही, हे वाचणाऱ्यांच्या लक्षात येईल. तारखा आहेत, काय दिसते आणि काय ऐकू येते ते आहे, आणि काय हवे ते क्रमाने आहे. कशामुळे बिघडले याचा अंदाज मी मुद्दाम लिहिला नाही. ‘तीनों बातें एक साथ’ हे वाक्य मात्र बाईंनी हट्टाने घालायला लावले आणि त्यानेच काम झाले. दुसरा मेकॅनिक वयस्कर होता. तो पत्र वाचूनच आला होता आणि आल्याबरोबर त्याने पिळण्याचा टप्पा लावला. अशा मशीनमध्ये पाणी सोडणारी एक छोटी ड्रेन मोटर असते. तीच मोटर एका दांडीने ड्रमचा ब्रेकही सोडवते. आमची मोटर पुरती ओढत नव्हती. त्यामुळे पाणी अडून राहायचे, ब्रेक अर्धवट लागलेला असल्याने घरघर व्हायची आणि ड्रम फिरवणारा पट्टा घासून रबराचा वास सुटायचा. तिन्ही लक्षणांचे मूळ एकच होते. त्याने काढलेला पट्टा माझ्या हातात दिला, त्याची एक कड काळी, गुळगुळीत होऊन चकाकत होती. ड्रेन मोटर आणि पट्टा दोन्ही वॉरंटीत बदलून मिळाले.

शेवटी सही करायला त्याने जो कागद पुढे केला, त्याच्या माथ्यावर लिहिले होते ‘राज़ीनामा’. आपल्याकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचे पत्र. हिंदीत ते राजीखुशीने झालेल्या समझोत्याचे पत्र. त्यावर सही केली की माझी काही शिकायत उरली नाही, पुढे काही मागणार नाही, असे मी लिहून दिल्यासारखे झाले असते. बाईंनी शब्द शिकवले नसते तर त्याच्या कामाचा काही कागद असेल असे समजून मी सही केली असती. मी त्याला तीन वेळा कपडे धुऊन पाहीपर्यंत थांबायला सांगितले, आणि बदललेल्या दोन्ही भागांची नोंद तारखेसह वॉरंटी कार्डावर करून घेतली. चौथ्या दिवशी सही दिली.

पत्र देताना त्याच्या दुसऱ्या प्रतीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नये. पहिल्या वेळी मी विसरलो होतो. दुकानाने दाद दिली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगता येते, आणि ग्राहक आयोगाकडे जायचे तर 2019 च्या कायद्यानुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. दोन्ही ठिकाणी आपण दुकानाला काय आणि कधी कळवले होते, याचा पुरावा हा कागदच असतो.

संपादक महोदय, आपल्या शाळांत हिंदी शिकवतात, परीक्षेत पत्रलेखनाला गुणही असतात. पण मराठी मुलाचा हात नेमका कुठे घसरतो, हे त्या धड्यात सांगितले जात नाही. तक्रार, दखल, परत, खाली, वास, त्रास, राजीनामा हे सात शब्द आणि त्यांचे हिंदीतले अर्थ आपण एखाद्या चौकटीत छापावेत, आणि हिंदीच्या शिक्षकांनी आपापल्या अनुभवातले आणखी शब्द आपल्याकडे पाठवावेत, एवढी विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
भोपाळ