हापूसच्या बागेत आग्या माश्यांचा हल्ला

महोदय,
गेल्या आठवड्यात शेजारच्या बागेत आंबे उतरवताना झेल्याचा बांबू आग्या माश्यांच्या पोळ्याला लागला आणि 11 कामगारांना डंख झाले. डंखासोबत सुटणाऱ्या वासाने बाकीच्या माश्याही त्याच माणसावर तुटून पडतात, त्यामुळे जागीच हात झटकत राहिलेल्या दोघांना सर्वाधिक डंख बसले. तोंडावर गोणपाट घेऊन पळालेले थोडक्यात बचावले. बागेच्या मालकीणबाईंनी चिमटा शोधत न बसता नांग्या नखाने खरवडून काढल्या, जागा साबणाने धुऊन बर्फ लावला. एका तरुणाचे ओठ सुजून त्याला धाप लागताच 108 रुग्णवाहिका बोलावली; आरोग्य केंद्रात मांडीत अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन दिल्यावर तो सावरला. बाकीचे संध्याकाळी घरी परतले.

पोळे पेटवून देण्याचा काहींचा आग्रह होता (त्यात झाडही होरपळले असते!), पण मध काढणाऱ्या जाणकाराने पूर्ण काळोख झाल्यावर ओल्या पाल्याचा धूर देऊन माश्या बाजूला केल्या आणि पोळे कापले. माश्या पुढे दोन दिवस फांदीला लटकून होत्या, तोवर त्या बाजूची तोडणी बंद ठेवली. तोडणीआधी प्रत्येक झाडाचा शेंडा न्याहाळण्याची पद्धत बागायतदारांनी पाडावी, ही विनंती.

— एक बागायतदार, रत्नागिरी