ज्या सावलीत आपण रोज जेवतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्रहणाच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रांत एक चौकट हमखास छापून येते. तीत वेध, स्पर्श, मध्य आणि मोक्ष यांच्या वेळा असतात व त्याखाली काय खाऊ नये, गरोदर बाईने काय करू नये याची यादी असते. वेळा आणि यादी एकाच चौकटीत, एकाच टाईपात छापल्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच शास्त्रातून आल्या आहेत असा वाचकाचा समज होतो. त्या समजाबद्दल हे पत्र आहे.

7 सप्टेंबर 2025 च्या खग्रास चंद्रग्रहणाला आमच्या शेजारच्या घरी सातवा महिना लागलेली सून होती. रविवार होता. दुपारी एकच्या सुमारास वेध लागले म्हणून तिचे जेवण आणि पाणी बंद झाले, ते रात्री दीडला ग्रहण सुटून अंघोळ झाल्यावरच सुरू झाले. म्हणजे साडेबारा तास. संध्याकाळी तिला भोवळ आली तेव्हा मीच गूळपाणी देण्याचा आग्रह धरला, आणि तो मानला गेला नाही. सासूबाईंचा हेतू वाईट नव्हता. त्या स्वतःही उपाशीच होत्या.

आता दुपारी एक वाजता आकाशात काय चालले होते ते पाहा. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरासमोर असतो, म्हणून तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. दुपारी एकला तो आपल्या क्षितिजाखाली, पृथ्वीच्या पलीकडल्या बाजूला होता, आणि जी सावली पुढे त्याच्यावर पडायची होती तिच्यापासून सुमारे तीस हजार किलोमीटर दूर होता. स्पर्श झाला रात्री 9 वाजून 57 मिनिटांनी. ज्या नऊ तासांत आमच्या गावातल्या चुली विझल्या होत्या, त्यांत पृथ्वीच्या गडद सावलीने चंद्राचा कणभरही भाग झाकला नव्हता, आणि त्यातले पहिले पाच तास तर आमच्या गावासाठी चंद्र उगवलाही नव्हता.

स्पर्शानंतर जे घडते तेही सावलीपलीकडे काही नाही. सूर्याच्या उजेडात पृथ्वीच्या मागे एक निमुळती सावली पडलेली असते. चंद्र जिथून जातो तिथे तिची रुंदी सुमारे नऊ हजार किलोमीटर असते आणि चंद्राचा व्यास 3,476 किलोमीटर आहे, म्हणून तो तिच्यात पूर्ण बुडू शकतो. पण ही सावली ग्रहणासाठी वेगळी तयार होत नाही. सूर्य मावळला की आपण स्वतःच तिच्यात शिरतो, आणि तिलाच आपण रात्र म्हणतो. आपले रात्रीचे वरण-भात, आपली झोप, सुगीच्या दिवसांतली शेतातली जागल, सगळे त्याच सावलीत चालते. रोज ज्या सावलीत आपण निर्धास्त जेवतो, ती पावणेचार लाख किलोमीटरवरच्या चंद्रावर साडेतीन तास पडली, तर आपल्या ताटातले अन्न कशाने बिघडावे?

यावर हल्ली असे उत्तर मिळते की ग्रहणात घातक किरण येतात. चंद्राला स्वतःचा उजेड नाही. तो सूर्याचाच परत पाठवतो, आणि पौर्णिमेलासुद्धा तो सूर्याच्या उजेडाच्या सुमारे चार लाखाव्या हिश्श्याएवढाच भरतो. म्हणजे उन्हात वाळत घातलेल्या कुरड्यांवर एका सेकंदात जेवढा उजेड पडतो, तेवढा चांदण्यातून मिळायला चार दिवसांहून अधिक काळ लागेल. ग्रहणात हा उजेड वाढत नाही, उलट हजारो पटींनी कमी होतो. उरतो तो तांबूस प्रकाश पृथ्वीच्या वातावरणाच्या कडेतून वळून गेलेला असतो. मावळतीला आभाळ ज्या रंगाने माखते तोच तो. त्यातून झाकण ठेवलेल्या गंजातल्या भाजीपर्यंत तो पोहोचतच नाही. शिवाय अमावस्येला चांदणे मुळीच नसते, त्या रात्रीचे अन्न कुणी टाकून देत नाही.

28 ऑक्टोबर 2023 ला तर कोजागिरीच होती. एरवी त्या रात्री आपण दूध मुद्दाम चांदण्यात ठेवतो आणि त्याला अमृत म्हणतो. त्या वर्षी मध्यरात्रीनंतर 1 वाजून 5 मिनिटांनी ग्रहण लागायचे होते, आणि मध्याला चंद्राच्या व्यासाचा जेमतेम बारा टक्के भाग झाकला जाणार होता. तेवढ्यासाठी कित्येक घरी रात्री दहाला दुधाला हात लावू दिला नाही. चंद्र तेव्हा पूर्ण, स्वच्छ आणि डोक्यावर होता.

अन्न बिघडते हा अनुभव मात्र खोटा नाही, म्हणून तो झटकून टाकणेही बरोबर नाही. 2025 च्या त्याच सप्टेंबरात मी 7 तारखेला दुपारी शिजवलेल्या तुरीच्या वरणाची एक वाटी झाकून ठेवली आणि 8 तारखेला त्याच वेळी, त्याच भांड्यात शिजवलेल्या वरणाची दुसरी. दोन्ही दिवस दमट आणि उकाड्याचे होते. दोन्ही वाट्यांना दुसऱ्या सकाळी सारखाच आंबूस वास आला आणि वर सारखाच फेस धरला. एका घरच्या दोन वाट्यांनी काही सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे. पण कारण जुनेच आहे. शिजवलेले अन्न कोमट हवेत दहा-बारा तास राहिले की त्यात जिवाणू वाढतात. वेध पाळताना आपण अन्न नेमके तेवढाच वेळ तसेच ठेवतो आणि दोष मात्र राहूला देतो.

गरोदरपणाची भीती यापेक्षा खोल आहे. ग्रहणात विळी धरली की मूल तुटक्या ओठाचे होते, असे शेजारच्या त्या सुनेला सांगितले होते. गर्भाच्या वरच्या ओठाचे भाग चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतात, आणि फटीची कारणे आनुवंशिकता व त्या आठवड्यांतल्या शरीराच्या स्थितीत असतात. सातव्या महिन्यात तो ओठ केव्हाच तयार झालेला असतो. त्या बाईला त्या दिवशी खरा धोका होता तो पाण्याविना राहण्याचा. हेच मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन वेध पाळणाऱ्या म्हाताऱ्यांचे. त्यांची साखर एकदम उतरली तर तांब्याभर तुळशीपाण्याने ती वर येत नाही.

सूर्यग्रहणात एक सावधगिरी खरी आहे. उघड्या डोळ्यांनी, काळवंडलेल्या काचेतून किंवा जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून सूर्याकडे पाहू नये, कारण डोळ्यातल्या पडद्याला इजा होते आणि ती होताना दुखतही नाही. सूर्य रोजच तेवढा घातक असतो. एरवी आपण त्याच्याकडे टक लावून पाहत नाही, एवढाच फरक. याचा स्वयंपाकघराशी संबंध नाही.

हे सांगणे म्हणजे पंचांगाचा अपमान, असे काहींना वाटेल. पण पंचांगातला स्पर्श आणि मोक्ष मिनिटापर्यंत बरोबर येतात ते सावलीच्या गणितामुळेच, आणि चंद्राला पृथ्वीची छाया झाकते हे आर्यभटांनी इ.स. 499 च्या सुमारास लिहून ठेवले आहे. वेध मात्र त्या गणितातून निघत नाहीत. ते चंद्रग्रहणाला तीन प्रहर आणि सूर्यग्रहणाला चार प्रहर आधीपासून धरायचे, असा नेम ठरवलेला आहे. सावली कुठे आहे हे तो विचारत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच की पुढच्या ग्रहणाच्या चौकटीत वेधांच्या वेळेसमोर त्या क्षणी चंद्र किंवा सूर्य क्षितिजावर आहे की खाली, आणि त्याचा किती भाग झाकलेला आहे, हे दोन आकडे छापावेत. 7 सप्टेंबरला ते असते तर वेधांपुढे ‘क्षितिजाखाली, शून्य’ असे दिसले असते, आणि मला ते त्या सासूबाईंना दाखवता आले असते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. आर्णी, जि. यवतमाळ